काय करालास? का करालास? : प्रॅक्टिकलचा व्हायवा नव्याने घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या एखाद्या पीयू कॉलेजात तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल आणि यंदा पहिल्यांदा सेकंड पीयूसीच्या प्रॅक्टिकलला बसणार असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. मी केमिस्ट्री शिकवतो, म्हणून उदाहरण केमिस्ट्रीचंच घेतो. फिजिक्स-बायोलॉजीवाल्यांनी प्रयोग बदलून घ्यावा, बाकी रीत तीच.

शास्त्राच्या विषयांना आपल्याकडे लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० अशी विभागणी असते. त्या ३० मधले व्हायव्याचे गुण मोजकेच, त्यामुळे पुष्कळजण तो हात झटकून उरकतात. एक्स्टर्नल खुर्चीत बसलेले, समोर रेकॉर्डची चळत, मुलगा येतो, दोन-तीन प्रश्न, "ओके, जा". मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. ते कुठे चुकत होतं हे मला एका मुलाने दाखवलं.

तो जांबोटीकडचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूला एकदम सगळं इंग्रजीत. व्हायव्यात मी त्याला विचारलं, "व्हाय डू वी वॉर्म द ऑक्सॅलिक ॲसिड?" तो गप्प. दोन क्षण थांबून मी पुढचा प्रश्न टाकला, तोही गेला. गुण कमी पडले. दुपारी सगळे गेल्यावर तो सिंकपाशी ब्युरेट धुत होता आणि शेजारच्या मित्राला सांगत होता, "अरे, गार असलं की रंग जाईनाच होतो, आपल्याला वाटतंय एन्ड पॉइंट आला, आणि आलेला नसतोय." मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. इतकं नेमकं उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. रिझल्ट शीट तोवर पाकिटात गेलं होतं.

त्यानंतर मी जे बदललं ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी एक्स्टर्नलशी बोलून घ्या

परीक्षेच्या दिवशी सकाळी पहिली बॅच आत यायच्या आधी पंधरा मिनिटं काढा. चहा होतोच, त्या चहावरच बोला. एक्स्टर्नल बहुतेक वेळा दुसऱ्या तालुक्यातले, कधी धारवाड-हुबळीकडचे असतात. काहींना मराठी येतं, काहींना कळतं पण बोलता येत नाही, काहींना दोन्ही नाही. तेव्हा सरळ विचारा, "सर, भाषेचं कसं करूया?" माझा अनुभव असा की बोलणं आधी झालं तर नाही म्हणणारा माणूस विरळा. मुलगा समोर अडखळून उभा असताना विषय काढलात, तर मात्र ते तुमच्या मुलासाठी वशिला लावल्यासारखं दिसतं.

ठरवायचं ते एवढंच. प्रश्न इंग्रजीत एकदा, मग हवा असेल तर मराठीत किंवा कन्नडात एकदा. उत्तर तिन्हीपैकी कुठल्याही भाषेत किंवा मिसळून चालेल. ऑक्सिडेशन, इंडिकेटर, मोलॅरिटी हे शब्द मात्र इंग्रजीत यावेत, कारण लेखी पेपर त्यातच असतो आणि रेकॉर्डही त्यातच लिहिलेलं असतं. तुमच्या वर्षीच्या सूचनांमध्ये उत्तर अमुकच भाषेत हवं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते पाळावंच लागेल. पण सूचना स्वतः वाचून खात्री करा. "असंच असतंय" असं कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

ही सवलत फक्त मराठी मुलांची नाही, हे मुद्दाम सांगतो. हुक्केरीकडून कन्नड माध्यमातून आलेल्या मुलीची अडचण खानापूरच्या मुलाइतकीच खरी असते, आणि घरात उर्दू बोलणाऱ्याची तर थोडी जास्तच. आपल्या भागात भाषेचा शब्द काढला की माणसं एकदम सावध होतात. टेबलावर तिन्ही भाषा एकाच वेळी ठेवल्या की कुणाला संशय घ्यायला जागा राहत नाही.

आता दुभाष्याची एक गोम. एक्स्टर्नलना मराठी कळत नसेल तर मुलाचं उत्तर तुम्ही त्यांना सांगणार. इथे नकळत फसवणूक होते. मुलगा म्हणतो, "ते ॲसिड दुसरीकडेच लागतंय," आणि आपण सांगतो, "ही सेज हायड्रोक्लोरिक ॲसिड विल बी ऑक्सिडाइज्ड टू क्लोरीन." मुलाने हे सांगितलेलंच नाही. आपण वर्षभर त्याला शिकवलेलं असतं, म्हणून त्याच्या अर्ध्या वाक्यात आपल्याला पूर्ण वाक्य ऐकू येतं. त्यामुळे नियम असा : जेवढं तो बोलला तेवढंच सांगायचं, आणि अर्धवट असेल तर त्यालाच विचारायचं, "दुसरीकडे म्हणजे कुठं?"

प्रश्न आधी लिहा, आणि तेच सगळ्यांना विचारा

व्हायव्यात सगळ्यात मोठा अन्याय प्रश्न बदलण्यात असतो. एकाला "पिपेट कशासाठी वापरतात?" आणि दुसऱ्याला "ऑटोकॅटॅलिसिस समजाव". दोघांचे गुण एकाच कागदावर एकमेकांखाली लिहिले जातात, पण त्यांची परीक्षा एक नसतेच. वैद्यकीय शिक्षणात हीच अडचण होती. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी त्यावर अशी परीक्षा मांडली, की प्रत्येक विद्यार्थी त्याच टेबलांवरून फिरेल, तेच काम करेल आणि आधी लिहिलेल्या यादीवरच तपासला जाईल. आपल्याला एवढा थाट जमणार नाही. चार प्रश्न आधी लिहून ठेवणं मात्र जमतं.

प्रयोग घेऊ या ऑक्सॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचा, सगळ्यांच्या हातातला. पिपेटने १० मिली ऑक्सॅलिक ॲसिड शंकूपात्रात, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, साधारण ६० अंशांपर्यंत गरम, आणि ब्युरेटमधून परमँगनेट. फिकट गुलाबी रंग टिकला की एन्ड पॉइंट. वेगळा इंडिकेटर लागत नाही.

माझे चार प्रश्न असे असतात. पहिला मुलाच्या स्वतःच्या रीडिंगवरचा : "तुझी रीडिंग काय आली? पहिलं का सोडलंस?" दुसरा कारणाचा : "सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही?" तिसरा डोळ्यांनी पाहिलेल्याचा : "सुरुवातीचे थेंब आणि नंतरचे थेंब यांत काय फरक दिसला? का?" चौथा 'असं झालं असतं तर' : "ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन तसंच परमँगनेट भरलं असतंस, तर उत्तरात काय फरक पडला असता?"

पहिला प्रश्न मुद्दाम त्याच्या रीडिंगवरचा ठेवलाय. पुष्कळ परीक्षक मुलाला मोकळं करायला म्हणून विचारतात, "काय रे, गाव कुठलं तुझं? वडील काय करतात?" हेतू चांगलाच असतो. पण आपल्या सीमाभागात गाव आणि आडनाव सांगितलं की समोरच्याला माध्यम, घरची भाषा, बहुतेक वेळा जातसुद्धा कळते. व्हायवा सुरू व्हायच्या आधीच मुलगा एका खणात जाऊन पडतो. म्हणून मोकळं करायचं असेल तर त्याच्याच टेबलाकडे बोट करा : "काय करालास मघापासून, सांग बघू." या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे असतंच.

दुसरा फायदा व्हरांड्याचा. पहिला मुलगा बाहेर पडला की दहा मिनिटांत सगळ्या बॅचला प्रश्न कळतात. ते थांबवता येत नाही, आणि मला त्यात मोठं पापही वाटत नाही. पण स्वतःच्या रीडिंगवरचा प्रश्न फुटून काही उपयोग नसतो. चौथ्या प्रश्नासाठी मी तीन चिठ्ठ्या ठेवतो आणि मुलालाच एक उचलायला सांगतो. एकीत वरचा ब्युरेटचा प्रश्न. दुसरीत, पिपेट नुसत्या पाण्याने धुऊन वापरला तर? तिसरीत, शंकूपात्र पाण्याऐवजी ऑक्सॅलिक ॲसिडनेच खळबळून घेतलं तर?

तिन्ही चिठ्ठ्या सारख्याच अवघड आहेत याची खात्री आधी करून घ्यावी लागते. तिन्हींत मुलाला दोनच पायऱ्या चढायच्या आहेत : रीडिंग वाढेल की कमी होईल, आणि त्यामुळे हिशेबात परमँगनेटची मोलॅरिटी कमी येईल की जास्त. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर परमँगनेट पातळ होतं, रीडिंग वाढतं, मोलॅरिटी कमी येते. पिपेटमध्ये पाणी राहिलं तर ऑक्सॅलिक ॲसिड कमी जातं, रीडिंग घटतं, मोलॅरिटी जास्त येते. शंकूपात्राला ऑक्सॅलिक ॲसिड चिकटून राहिलं तर ते जास्त होतं, रीडिंग वाढतं, मोलॅरिटी कमी. "शंकूपात्रात थोडं पाणी राहिलं तर?" हा प्रश्न मी एके वर्षी चौथी चिठ्ठी म्हणून घातला होता आणि मग काढून टाकला. त्याचं उत्तर 'काहीच फरक नाही' हे आहे, आणि घाबरलेल्या मुलाला 'काहीच नाही' म्हणायचं धाडस होत नाही. तो काहीतरी फरक शोधत बसतो. प्रश्न चांगला, पण वर्गातला. चिठ्ठीतला नव्हे.

गुण कशाला द्यायचे ते कागदावर ठरवा

प्रत्येक प्रश्नाला ० ते २. आपण होऊन, किंवा "अजून सांग" एवढ्यावर, कारणासकट सांगितलं तर २. तुम्हाला इशारा द्यावा लागला, किंवा नुसता शब्द आला आणि त्यामागचं कारण आलं नाही, तर १. बाकी ०. एकूण ८. तुमच्या योजनेत व्हायव्याला जितके गुण असतील तितक्यांत हे शेवटी बसवायचं. बोलणं सफाईदार आहे का, इंग्रजी कसं आहे, रेकॉर्ड किती सुंदर आहे, यांना इथे रकानाच नाही.

रेकॉर्डचं मुद्दाम सांगतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवलं, की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देताना ते वेगवेगळे देतच नाहीत. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्याच बाबतींत त्याला जास्त मिळतं. व्हायव्याच्या टेबलावर हे काम कव्हर घातलेलं, स्केचपेनने मथळे रंगवलेलं रेकॉर्ड करतं. म्हणून मी रेकॉर्ड व्हायवा झाल्यावरच उघडतो. आधी गठ्ठा पालथा घालून ठेवलेला.

आता दोन मुलं प्रत्यक्ष पाहू. दोघंही एकाच बॅचमधली, प्रयोग तोच. ऑक्सॅलिक ॲसिड ०.०५ मोलर. मुलगा खानापूर तालुक्यातला, मराठी माध्यमातून आलेला. मुलगी शहरातली, पहिलीपासून इंग्रजी माध्यम.

पहिला प्रश्न. मुलगा म्हणाला, "१०.१, ९.८, ९.८. पहिल्याला मी शोधत होतो सर, जरा जास्त गेलं. मग दोन सारखी आली." मुलीनेही इंग्रजीत तसंच व्यवस्थित सांगितलं. दोघांना दोन-दोन.

दुसरा. मुलगा : "हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्याच्यातनं क्लोरीन काढतंय. मग ते तिकडं खर्च होतंय, रीडिंग जास्त येतंय." दोन. मुलीने "इट गेट्स ऑक्सिडाइज्ड टू क्लोरीन, सो टू मच परमँगनेट इज यूज्ड" म्हणून सांगितलं. दोन.

तिसऱ्याला खरी गंमत. मुलगा म्हणाला, "पहिले थेंब जाईनात सर, मग पटापट जायला लागले." का? गप्प. मी मनात आकडे मोजत थांबलो. मग तो म्हणाला, "गार असेल." मी म्हटलं, "गार होतं म्हणतोस, तर पुढं आणखी गार होत गेलं ना? मग नंतर रंग लवकर कसा जायला लागला?" पुन्हा शांतता. मग, "म्हणजे आत काहीतरी तयार झालं असणार, ते मदत करतंय." बरोबर. मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच पुढची क्रिया वेगाने घडवतात. त्याला शब्द माहीत नव्हता, कल्पना पोचली होती, पण माझ्या इशाऱ्यावर. म्हणून एक. मुलगी मात्र प्रश्न संपायच्या आतच म्हणाली, "मँगनीज टू प्लस ॲक्ट्स ॲज ऑटोकॅटॅलिस्ट." ऐकायला सुरेख. मी विचारलं, हे मँगनीज टू प्लस आलं कुठून? "फ्रॉम द... सल्फ्युरिक ॲसिड?" ते परमँगनेटमधूनच येतं. तिलाही एक.

चौथ्याला दोघांनीही ब्युरेटचीच चिठ्ठी उचलली. मुलगा क्षणभर ब्युरेटकडे बघत राहिला. "पाणी राहिलं तर परमँगनेट पातळ झालं. मग जास्त लागेल. आणि जास्त लागलं म्हणजे हिशेबात त्याची मोलॅरिटी कमी दिसेल." दोन. त्याचा हिशेबही वहीत नीट होता : १० मिलीत ०.५ मिलीमोल, त्याचे दोन पंचमांश ०.२, भागिले ९.८, म्हणजे ०.०२०४ मोलर. मुलगी म्हणाली रीडिंग वाढेल, हे बरोबर. मग मोलॅरिटी? "ती पण वाढेल." एक.

मुलाचे ७, मुलीचे ६. मुलगी चांगलीच आहे, तिला सहा मिळालेच. पण कागद नसता तर मी काय दिले असते? माझा कान तेव्हा मला स्पष्ट सांगत होता : तिला आठ, त्याला चार.

थांबा

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं टेप करून ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात आणि "माहीत नाही" कमी होतं. आपल्या मुलाला त्या वेळात इंग्रजी प्रश्न मराठीत न्यायचा आहे, उत्तर शोधायचं आहे आणि ते परत इंग्रजीत आणायचं आहे. त्याला तीन सेकंदही पुरत नाहीत. मी मनात दहापर्यंत मोजतो, आणि मोजताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही, ब्युरेटकडे बघतो. तोंडाकडे टक लावून बघितलं तर दहा सेकंद पोलीस ठाण्यासारखे वाटतात.

वेळेचं गणितही बसतं. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर बारा मुलांच्या बॅचला एक तास. बाकीची मुलं तोवर प्रयोग करतच असतात. गर्दी झाली तर प्रश्न चारावरून तीनवर आणा, सगळ्यांसाठी. शेवटच्या चौघांसाठीच कमी केलेत तर त्यांची परीक्षा वेगळी झाली.

मुलांची तयारी : सहा आठवडे आधीपासून

बाजारात व्हायव्याच्या प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स मिळतात आणि मुलं त्या पाठ करतात. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. उत्तर प्रश्न संपायच्या आधी येतं, आणि प्रश्नातला एक शब्द बदलला की तेच उत्तर पुन्हा येतं. "ऑक्सॅलिक ॲसिड का गरम करतो?" ऐवजी "मोहर्स सॉल्ट का गरम करत नाही?" असं विचारा. झेरॉक्सवाला मुलगा "टू इन्क्रीज द रेट ऑफ रिॲक्शन" म्हणून मोकळा होतो. हातांनी शिकलेला थांबतो आणि म्हणतो की ते गरम केलं तर हवेनेच ऑक्सिडाइज होईल.

मी जे करतो ते सोपं आहे. नेहमीच्या प्रॅक्टिकलला जोड्या लावायच्या. एक प्रयोग करतो, दुसरा शेजारी उभा राहून फक्त दोन प्रश्न विचारत राहतो : "काय करालास?" आणि "का करालास?" उत्तर घरच्या भाषेत, मोठ्याने. मग अदलाबदल. पहिल्या आठवड्यात मुलं हसतात, एकमेकांची नक्कल करतात, लॅब बाजारासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरी उत्तरं सुरू होतात. मराठीत कारण सांगता आलं नाही तर इंग्रजीत सांगता येणार नाहीच, आणि ही उणीव इथेच उघडी पडते.

जोडीला प्रत्येक प्रयोगाचं एक कार्ड. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केलं तरी चालतं. त्यावर आठ-दहा शब्द : इंग्रजी शब्द, दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ. ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिडीकरण, रिडक्शन म्हणजे क्षपण, इंडिकेटर म्हणजे दर्शक, ॲसिड म्हणजे आम्ल. आपल्याला वाटतं हे मुलांना माहीत असणारच. पण 'क्षपण' शिकलेला मुलगा पीयूत 'रिडक्शन' नव्याने शिकतो आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो दोन वेगळ्या गोष्टी डोक्यात घेऊन वर्षभर हिंडतो. कन्नड माध्यमातल्या मुलांचं कार्ड त्यांच्याच वर्गमित्राकडून करून घ्या. तुम्ही स्वतः करायला जाल तर शब्द चुकेल. मी चुकलोय.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वाक्यं सांधायची. वाक्य मराठी, शब्द इंग्रजी : "परमँगनेट स्वतः रिड्यूस होतंय आणि ऑक्सॅलिक ॲसिडला ऑक्सिडाइज करतंय." शुद्ध भाषेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, पण प्रॅक्टिकलच्या टेबलावर हीच भाषा चालते, आणि इथून पूर्ण इंग्रजी वाक्याकडे जायला एक पायरी कमी चढावी लागते. ज्यांना जमेल त्यांनी शेवटच्या आठवड्यांत तेच वाक्य इंग्रजीत म्हणावं. सगळ्यांवर सक्ती करू नका.

अडकल्यावर बोलायची तीन वाक्यं मात्र सगळ्यांकडून घोटून घ्या. "सर, प्रश्न परत सांगाल का?" "सर, मराठीत सांगू का?" आणि "शब्द आठवत नाही, पण काय होतं ते सांगतो." एक्स्टर्नलसमोर ही वाक्यं इंग्रजीत म्हणता आली तर उत्तम, म्हणून दोन्हींत घोटा. आमच्या मुलांना, त्यातही खेड्यातल्या मुलींना, मोठ्या माणसाला "परत सांगा" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. न कळलेल्या प्रश्नाला त्या मान हलवतात, आणि परीक्षकाला वाटतं हिला काहीच येत नाही. हे वाक्य म्हणायची परवानगी तुम्ही वर्गात, स्वतःच्या तोंडाने, आधी द्यायला हवी.

शेवटच्या पंधरवड्यात एक खोटा व्हायवा घ्या, पण तुम्ही घेऊ नका. तुमचा चेहरा मुलांच्या सवयीचा आहे. फिजिक्सच्या मॅडमना किंवा शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्या सरांना बसवा, आणि तुम्ही त्यांच्याकडे जाऊन फेड करा. त्यांना केमिस्ट्री येत नसली तरी बिघडत नाही. तुमचे चार प्रश्न आणि उत्तरांचा कागद त्यांच्या हातात द्या. अनोळखी माणसाने खुर्ची ओढून "हं, बोला" म्हटल्यावर काय होतं, ते मुलाला एकदा तरी परीक्षेच्या बाहेर भोगू द्या. तोतरं बोलणारा किंवा कमी ऐकू येणारा विद्यार्थी असेल तर याच वेळी ठरवून टाका : प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, उत्तर लिहून चालेल, वेळ जास्त. हेही एक्स्टर्नलना सकाळच्या चहावर सांगायचं, मुलाच्या देखत नाही.

गुण भरण्याआधी

तुम्ही आणि एक्स्टर्नल, दोघांनी आपापल्या कागदावर गुण लिहा, मग कागद समोरासमोर ठेवा. आधी बोललात तर मोठ्या माणसाचाच आकडा दोन्हीकडे लागतो. आठपैकी दोनाहून जास्त फरक पडला तर मुलाला बाहेर थांबवून आणखी एक प्रश्न विचारा. सरासरी काढून मोकळं होऊ नका, कारण एवढा फरक पडला म्हणजे दोघांपैकी एकाने काहीतरी ऐकलेलं नसतं. प्रत्येक नावापुढे चार शब्द टिपून ठेवा : "कल्पना ठीक, शब्द नाही" किंवा "ब्युरेट उलट सांगितलं". पुढे कुणाचे पालक आले, तर "माझ्या लक्षात आहे" यापेक्षा हा कागद बरा.

दिवस संपल्यावर दोन छोटे हिशेब करतो. पहिल्या सहा मुलांची सरासरी आणि शेवटच्या सहांची. शेवटची बरीच खाली असेल तर मुलं कच्ची होती की मी दमलो होतो, हे टिपणं वाचून पाहतो. दुसरा हिशेब माध्यमाचा : मराठी, कन्नड, इंग्रजी. पाच-सहा मुलांच्या सरासरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एके वर्षी मराठीवाल्यांची सरासरी तिसऱ्या प्रश्नावरच पडलेली दिसली. टिपणं पाहिली तर सगळीकडे एकच शेरा : "प्रश्न कळला नाही." मी इंग्रजीत विचारलं होतं, "व्हॉट डू यू इन्फर फ्रॉम द इनिशियल डिकलरायझेशन?" पुढच्या वर्षी चिठ्ठीवर लिहिलं : "पहिले थेंब आणि नंतरचे थेंब, काय फरक दिसला?"